बंदराचा बावटा आणि किनाऱ्यावरील घर : बंगालच्या उपसागरातील वादळी जलप्रलयांच्या सूचनांचा इतिहास (१८६४–१९९१)

बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी चक्रीवादळाने जी माणसे मेली, त्यांतील बहुसंख्य वाऱ्याने मेली नाहीत, पाण्याने मेली. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील शासकीय अहवालांतही स्पष्टपणे नोंदलेली आढळते. असे असूनही वादळाची सूचना देण्याची जी पद्धती या किनाऱ्यावर रूढ झाली, ती पाण्याची सूचना देणारी नव्हती आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या गृहस्थासाठी तर मुळीच नव्हती. ती नांगरलेल्या जहाजाच्या कप्तानासाठी निर्माण झाली होती. पुढे शंभर वर्षांनी तीच पद्धती रेडिओवरून शेतकऱ्याच्या व कोळ्याच्या कानी पडू लागली, तेव्हा तिचा अर्थ कसा लावावा हे कोणी त्याला सांगितलेले नव्हते. या विसंगतीचा इतिहास पाहिला, म्हणजे इशारा मिळूनही लोक घर सोडून का गेले नाहीत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर हाती येते.

‘सायक्लोन’ हा शब्दच मुळी कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन या तेथील अधिकाऱ्याने नाविकांसाठी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात १८४८ मध्ये तो रूढ केला. वादळात वारा केंद्राभोवती चक्राकार फिरतो, हे ओळखून कप्तानाने आपले जहाज केंद्रापासून दूर कसे न्यावे हा त्याच्या विवेचनाचा विषय होता. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता वादळाचे केंद्र साधारणपणे डाव्या हातास असते, हा नियम त्यातूनच खलाशांच्या अंगवळणी पडला. पिडिंग्टनची दृष्टी मात्र केवळ जहाजांपुरती मर्यादित नव्हती. मातला नदीच्या मुखाजवळ नवे बंदर वसवण्याची योजना पुढे आली, तेव्हा १८५३ मध्ये त्याने लॉर्ड डलहौसीला पत्र लिहून, वादळाबरोबर येणारे समुद्राचे पाणी ही वसाहत बुडवून टाकील असा स्पष्ट इशारा दिला होता. त्याकडे दुर्लक्ष झाले. पोर्ट कॅनिंग वसले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरमधील वादळाने त्याची वाताहत केली. तेव्हा पिडिंग्टन हयात नव्हता.

दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ चे कलकत्त्याचे वादळ होऊन गेले होते. हुगळीतून वर चढलेल्या पाण्याने नदीकाठची जवळपास पन्नास हजार माणसे बुडवली. बंदरातील १९५ जहाजांपैकी अवघी २३ सुस्थितीत राहिली. या दोन आकड्यांपैकी व्यापारी मंडळींच्या मनावर कोणता अधिक ठसला, हे पुढच्या घटनांवरून उघड होते. १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या सूचनांची व्यवस्था सुरू झाली. तारायंत्राने समुद्रकाठच्या ठाण्यांवरील वाऱ्याची व वायुभाराची वार्ता कळवावयाची आणि बंदरात दिवसा बावटा व रात्री दिवे चढवून जहाजांना सावध करावयाचे, अशी ती योजना होती. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हा १८६४ च्या वादळावरील अहवालाचा एक कर्ता होता. बंदरांची ही सूचनापद्धती हळूहळू सर्व हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पसरली. कोकणात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य आजही ऐकू येते, ते याच परंपरेतले.

खाते स्थापन झाल्यानंतरच्या वर्षीच तिची मर्यादा भयानक रीतीने उघड झाली. ३१ ऑक्टोबर १८७६ च्या मध्यरात्रीच्या सुमारास मेघनेच्या मुखावरील बाकरगंज, नोआखाली व चितगाव या जिल्ह्यांच्या किनारी भागावर समुद्र चालून आला. सुमारे एक लाख माणसे त्या रात्री बुडाली आणि नंतरच्या महिन्यांत पटकी व इतर रोगांनी जवळजवळ तितकीच दगावली. त्या मुलखात कलकत्त्यासारखे बंदर नव्हते, म्हणून तेथे बावटाही नव्हता. रात्री झोपलेल्या लोकांना कळले ते पाणी घरात शिरल्यावरच.

त्या प्रदेशातील घराची रचना येथे लक्षात घेतली पाहिजे. जमीन सपाट, समुद्रसपाटीपासून फारच थोडी उंच. म्हणून गृहस्थ प्रथम तळे खणतो, त्यातून निघालेल्या मातीचा चौथरा रचतो आणि त्यावर बांबू, कुड व गवत यांचे घर उभारतो. चौथऱ्याभोवती नारळ, पोफळी व इतर झाडांची दाट राई असते. पावसाळ्यातील नदीच्या पुरासाठी ही योजना उत्तम आहे. चौथऱ्याची काही फूट उंची त्या संथ पाण्याला पुरते. तीन-चार मीटर उंचीच्या वादळी पाण्यापुढे मात्र चौथरा कुचकामी ठरतो आणि घर छपरासकट तरंगत जाते. बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल (जो पुढच्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला) याने त्या भागाचा दौरा करून लिहून ठेवले आहे की, जे वाचले ते बहुतांशी घराभोवतीच्या झाडांना धरून वाचले. म्हणजे ज्या एका गोष्टीने प्राण वाचवले, ती सावली, फळे व आडोसा यांसाठी लावलेली होती. टेंपलने त्याचबरोबर असाही निष्कर्ष काढला की, भिजलेले धान्य वाळवून व उभे भाताचे पीक कापून लोक आपला निभाव लावतील, सरकारने फारसे साहाय्य करण्याचे कारण नाही. खाऱ्या झालेल्या तळ्यांचा विचार त्या हिशेबात पुरेसा आलेला दिसत नाही. नंतरच्या पटकीने ती उणीव दाखवून दिली.

येथे क्षणभर थांबून हे पाणी येते कसे ते पाहणे अवश्य आहे. बंगाली भाषेत त्याला ‘जलोच्छ्वास’ असा समर्पक शब्द आहे. वादळाच्या केंद्रात वायुभार कमी असल्याने समुद्राची पातळी किंचित वर उचलली जाते. वायुभार एक मिलिबार घटला तर पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते, म्हणजे पन्नास मिलिबारच्या घटीने अर्धा मीटर. ही रक्कम अल्प आहे. खरे काम वारा करतो. तो पाणी किनाऱ्याकडे ढकलीत राहतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी तळाकडून परत वळते. मेघनेच्या मुखापुढील समुद्र दूरवर उथळ असल्याने त्याला परतण्यास वाट मिळत नाही. शिवाय उपसागर उत्तरेकडे नरसाळ्यासारखा चिंचोळा होत जातो, म्हणून पाणी साचत व चढत जाते. ही एखादी उंच लाट नसते. सर्व समुद्राचीच पातळी तास-दोन तासांत वाढते आणि त्या वाढलेल्या पातळीवर लाटा येत राहतात.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि इशारा वाचणाऱ्याला या दोन्हींची गरज असते. पहिली भरतीची. हवामान खाते पाण्याची जी उंची सांगते, ती नेहमीच्या भरतीच्या पातळीवरची असते. मेघनेच्या मुखाजवळ अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी व भरती यांतील अंतर चार-पाच मीटर किंवा काही ठिकाणी त्याहून अधिक भरते. तेव्हा तीन मीटरचे वादळी पाणी ऐन ओहोटीच्या वेळी आले तर ते कदाचित बांधाच्या आतही येणार नाही. तेच सहा तासांनी आले तर गाव बुडवील. १८७६ चे, १९७० चे व १९९१ चे, ही तिन्ही मोठी वादळे पौर्णिमेच्या आगेमागेच किनाऱ्यास लागली. हा योगायोग नव्हे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तसे म्हणणे चुकीचे ठरेल. वादळ चंद्र पाहून निघत नाही. इतर तिथींना आलेली वादळे तितकी संहारक न ठरल्याने स्मरणात राहिली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट बाजूची. उत्तर गोलार्धात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून वादळ ज्या दिशेने जात असेल त्या दिशेस तोंड करून उभे राहिल्यास, उजव्या अंगास वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो व डाव्या अंगास जमिनीकडून समुद्राकडे. पाणी उजव्या अंगास चढते. डाव्या अंगास कित्येकदा ते किनाऱ्यापासून मागेही हटते. कोकणच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आले तेव्हा मुंबई मार्गाच्या डाव्या अंगास राहिली. शहर बरेचसे बचावले त्याचे हे एक कारण. ज्या गावावरून केंद्रच जाते तेथे फसगत अधिक. आधीचा वारा जमिनीकडून असतो, मग केंद्रातील शांतता येते आणि लोक बाहेर पडतात. त्यानंतर वारा एकदम उलटतो व समुद्र घेऊन येतो.

आता बंदराच्या संकेतांकडे पुन्हा वळावे. एकोणिसाव्या शतकात आकारास आलेली व पुढे भारत, पाकिस्तान व बांगलादेश यांनी चालवलेली ही पद्धती क्रमांकांची आहे. पहिले चार क्रमांक दूरच्या व जवळच्या सावधगिरीचे. पाच, सहा, सात हे ‘धोका’ दर्शवतात आणि आठ, नऊ, दहा हे ‘महाधोका’. बंगालीत ‘महाविपद् संकेत’. भारतात अकरावा क्रमांक संदेशवहन तुटल्याचा आहे. सामान्य माणूस हे क्रमांक पायऱ्यांसारखे वाचतो. पाचाहून सात वाईट आणि आठाहून दहा वाईट, असे तो धरून चालतो. वस्तुतः पाच, सहा व सात यांत धोक्याची तीव्रता एकच आहे. आठ, नऊ व दहा यांतही तसेच. फरक आहे तो दिशेचा. आठ म्हणजे बंदर वादळाच्या मार्गाच्या डाव्या अंगास राहील, नऊ म्हणजे उजव्या अंगास, आणि दहा म्हणजे वादळ बंदरावरून किंवा त्याच्या अगदी जवळून जाईल. नांगर कोणत्या बाजूस टाकावा, दोरखंड कोणीकडे बळकट करावेत, हे कप्तानाला ठरवता यावे म्हणून ही विभागणी केलेली होती.

यात एक विलक्षण विरोध दडलेला आहे. बाजू सांगणारी ही माहिती खलाशाइतकीच, किंबहुना अधिक, किनाऱ्यावरील गृहस्थाच्या उपयोगाची होती. कारण पाणी कोठे चढेल हे तीच सांगते. नऊ क्रमांक ऐकणाऱ्याने आठ ऐकणाऱ्यापेक्षा समुद्राला अधिक भ्यावयास हवे होते. पण हा अर्थ कोणी उलगडून सांगितला नाही, आणि सांगितला असता तरी एक अडचण उरलीच असती. संकेत बंदराचा असतो. चितगावला लागलेला क्रमांक सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या बेटावर ऐकला गेला, तर ते बेट मार्गाच्या त्याच बाजूस असेल याची शाश्वती नाही. वादळाचा मार्गही शेवटच्या काही तासांत वळू शकतो. म्हणून घर सोडावे की नाही याचा निर्णय बाजूवर ठेवणे घातक आहे. तो ‘महाधोका’ या शब्दावरच ठेवला पाहिजे.

१९७० च्या नोव्हेंबरात या साऱ्या दोषांचा एकाच रात्री प्रत्यय आला. ऑक्टोबरच्या २३ तारखेस पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर एक वादळ येऊन गेले होते. त्या वेळी मोठ्या गांभीर्याने इशारे दिले गेले आणि त्या मानाने नुकसान थोडे झाले. तीन आठवड्यांनी दुसरे वादळ आले. यावेळी रेडिओवरून ‘लाल चार, लाल चार’ अशा स्वरूपाची घोषणा झाल्याची नोंद आहे. संकेतांची पद्धती नुकतीच सुटसुटीत करण्यात आली होती आणि त्यात चार हाच सर्वांत वरचा क्रमांक होता. दहापर्यंत मोजण्याची सवय असलेल्या लोकांना चार हा आकडा साहजिकच मध्यम वाटला. १२ नोव्हेंबरच्या रात्री भोला, मनपुरा, हातिया व आसपासच्या चरांवर समुद्र चढला. मृतांचा आकडा तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगितला जातो.

नंतर झालेल्या पाहणीत असे आढळले की, वादळ येत असल्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ठाऊक होते. परंतु मजबूत इमारतीचा आश्रय सुमारे एक टक्का लोकांनीच घेतला. हे दोन आकडे शेजारी ठेवून लोकांच्या अज्ञानावर किंवा दैववादावर खापर फोडण्याची प्रथा त्या काळी होती. ती अन्यायाची आहे. ज्या बेटावर मैलोगणती पक्की इमारत नाही तेथील माणसाने आश्रय घ्यावयाचा कोठे? वाचलेल्यांची वैद्यकीय तपासणी करणाऱ्यांना अनेकांच्या छातीवर, बाहूंच्या आतल्या बाजूंवर व मांड्यांवर सारख्याच प्रकारच्या खोल खरचटलेल्या जखमा दिसल्या. रात्रभर झाडाच्या बुंध्याला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा होत्या. १८७६ मध्ये टेंपलने पाहिलेला बचावाचा मार्ग ९४ वर्षांनंतरही तोच होता. ज्यांच्या बाहूंत तेवढे बळ नव्हते, ती मुले, वृद्ध माणसे व स्त्रिया, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक निघाले.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १९७२ मध्ये तेथील रेडक्रॉसने व पुढे शासनाने मिळून चक्रीवादळ-पूर्वतयारीची योजना हाती घेतली. सुरुवातीस सुमारे वीस हजार स्वयंसेवक गावोगाव नेमले गेले. त्यांना ट्रान्झिस्टर, कर्णा, हाताने फिरवावयाचा भोंगा व बावटे देण्यात आले. या योजनेचे महत्त्वाचे काम म्हणजे तिने बंदराच्या दहा क्रमांकांचे घरासाठी भाषांतर केले. सावधगिरीला एक बावटा, धोक्याला दोन आणि महाधोक्याला तीन. तीन बावटे दिसले की निघावयाचे. डावे-उजवे त्यात उरलेच नाही. खलाशाची माहिती वगळून गृहस्थाचा निर्णय तेवढा ठेवला, असे या सुधारणेचे वर्णन करता येईल. त्याबरोबरच खांबांवर उभारलेली पक्की निवारागृहे आणि गुरांसाठी मातीचे उंच ‘किल्ले’ बांधण्यास प्रारंभ झाला. गुरांची सोय ही गौण गोष्ट समजू नये. बैलजोडी गेली तर पुढचे वर्ष गेले, हे जाणणारा शेतकरी गुरांना सोडून निवारागृहात जाण्यास धजत नसे.

घर हलवण्याचा हिशेब उलटा मांडावा लागतो. समजा, वादळाचे केंद्र मध्यरात्री किनाऱ्यास लागेल असा अंदाज आहे, ते ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने येत आहे आणि केंद्रापासून दीडशे ते दोनशे किलोमीटरपर्यंत सोसाट्याचा वारा आहे. म्हणजे मध्यरात्रीच्या सहा ते आठ तास आधी, चार ते सहाच्या दरम्यान, झाडे मोडू लागतील, वाटा बंद होतील आणि लगेच अंधारही पडेल. निवारागृह तीन किलोमीटरवर असेल व बरोबर वृद्ध माणसे, लहान मुले आणि गुरे असतील, तर ओढे ओलांडून पोहोचण्यास दोन तास लागणार; भरती चढू लागली की ते ओढेही अडवणार. तेव्हा घर सोडण्याची शेवटची वेळ दुपारी दोनची. सामानाची बांधाबांध सकाळीच झाली पाहिजे. पाणी मध्यरात्री येणार हे खरे असले, तरी घरातल्यांच्या दृष्टीने वादळ दुपारीच येते. ज्यांनी पाण्याची वाट पाहिली त्यांना निघताच आले नाही, याचे कारण हेच.

त्या सकाळची कामेही अनुभवातून ठरत गेली. पोहे, मुरमुरे व गूळ असे न शिजवता खाता येणारे अन्न बरोबर घ्यावयाचे. तांदूळ, डाळ, बियाणे व आगपेट्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून जमिनीत पुरून ठेवावयाच्या, कारण घर वाहून गेले तरी जमीन बहुधा तेथेच राहते. जमिनीचे कागद अंगाशी बांधावयाचे. आणि निघण्यापूर्वी हातपंपाचे डोके काढून उघड्या नळीच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधून ते बंद करावयाचे.

ही सर्व योजना २९ एप्रिल १९९१ च्या रात्री कसोटीस लागली. पौर्णिमा आदल्या दिवशी झाली होती. वादळ चितगावच्या किंचित उत्तरेस जमिनीवर आले. बांशखाली व कुतुबदिया हा दक्षिणेकडील किनारा मार्गाच्या उजव्या अंगास पडला आणि तेथे सुमारे सहा मीटर उंचीचे पाणी चढले. दहा क्रमांकाचा संकेत कित्येक तास आधी लागला होता, स्वयंसेवक कर्णे घेऊन फिरले होते. तरीही सुमारे १,३८,००० माणसे मेली. नंतरच्या एका पाहणीत असे दिसले की, पाहिलेल्या कुटुंबांपैकी ज्यांनी विटा-सिमेंटची इमारत गाठली त्यांतील कोणीही दगावले नाही. ज्यांना ती गाठता आली नाही त्यांच्यातील २२ टक्के माणसे मेली. इशारा खोटा ठरेल असे काहींना वाटले. काहींना मागे चोरी होईल ही भीती होती. अनेक स्त्रिया समुद्रावरून पती परतण्याची वाट पाहत थांबल्या, अथवा परपुरुषांनी भरलेल्या एकाच दालनात रात्र काढण्यास कचरल्या. निवारागृहांची संख्या तर लोकसंख्येच्या मानाने फारच अपुरी होती. त्यानंतर बांधलेल्या इमारतींत स्त्रियांसाठी वेगळी दालने ठेवली जाऊ लागली, आणि त्यांतील पुष्कळशा इमारती शाळा म्हणून रोजच्या वापरात आणल्या गेल्या. कारण बंद पडलेल्या इमारतीची किल्ली ऐन वेळी सापडत नाही.

हातपंपाची नळी बंद करण्याचा नियम मात्र पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पाणी ओसरल्यावर तळी खारट झालेली असतात आणि त्यांत गुरांची व माणसांची प्रेते पडलेली असतात. नळीत समुद्राचे पाणी शिरले नसेल, तर डोके पुन्हा बसवून त्याच दिवशी गोडे पाणी उपसता येते. १८७६ च्या हिवाळ्यात बाकरगंजच्या ज्या लोकांनी रात्रभर झाडाला धरून प्राण राखले, त्यांच्यापाशी प्यावयास ती तळीच उरली होती.